रात्री आठचा ओव्हर

संध्याकाळचे पावणेआठ वाजले की वॉर्डात गडबड उडते. जेवणाची ताटं उचलली जात असतात, भेटायला आलेले नातेवाईक निघायच्या तयारीत असतात, कुणाचं सलाईन संपलेलं असतं. या सगळ्यात दुपारी 2 पासून काम करणारी सिस्टर टेबलाशी बसून रिपोर्ट बुक भरत असते. 8 वाजता रात्रपाळीची सिस्टर येईल आणि हिला तिला ‘ओव्हर’ द्यायचा आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच रुग्णालयांत पाळ्या अशाच असतात: 8 ते 2, 2 ते 8 आणि मग रात्री 8 ते सकाळी 8. तिन्हीत रात्रीची पाळी सर्वांत लांब, आणि तिलाच माणसं सर्वांत कमी. म्हणून रात्री आठच्या ओव्हरमध्ये जे सुटतं, ते सकाळपर्यंत सुटलेलंच राहण्याची भीती असते.

हा ओव्हर कसा लिहायचा, ते आपण एकाच पेशंटवर पाहू. पेशंट मी उदाहरणासाठी घेतला आहे, पण हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला तो ओळखीचा वाटेल.

बेड नंबर 14. वय 68, बाई. सगळे त्यांना आजी म्हणतात. तीन दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरून पडल्या, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. काल सकाळी ऑपरेशन झालं, खुब्यातला मोडका गोळा काढून कृत्रिम गोळा बसवला. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. आज दुपारी अडीच वाजता लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, काढली. पाच वाजता हिमोग्लोबिनसाठी रक्त पाठवलं. सहा वाजता खुबा फार दुखतो म्हणाल्या, म्हणून ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं. सात वाजता शुगर 168 आली, सात दहाला ठरलेलं 14 युनिट इन्सुलिन दिलं. साडेसातला ताट आलं.

आता रिपोर्ट बुकात या आजींबद्दल साधारण काय लिहिलं जातं ते पाहा. ‘पेशंट स्टेबल. व्हायटल्स नॉर्मल. कॅथेटर काढला. इंजेक्शनं दिली. इन्सुलिन दिलं. हिमोग्लोबिन पाठवलं. लघवीकडे लक्ष ठेवणे. बाकी ट्रीटमेंट तीच.’

यात खोटं एकही वाक्य नाही, आणि तरी ही नोंद धोकादायक आहे. जवळजवळ सबंध नोंद भूतकाळात आहे. काढला, दिलं, पाठवलं. लिहिणारीने आपण काय काय केलं याचा हिशेब दिला आहे. पण वाचणारीला तो हिशेब नको असतो. केलेलं काम केसपेपरवर आणि औषधांच्या चार्टवर नोंदलेलंच असतं. तिला हवं असतं ते यातलं काय अजून संपलेलं नाही. मी नवी नोंद वाचायला घेते तेव्हा एक गोष्ट करून पाहते. पेशंटचं नाव आणि बेड नंबर बोटाने झाकते. उरलेली वाक्यं वॉर्डातल्या इतर दहा पेशंटनाही चालण्यासारखी असतील, तर ती वाक्यं कुणासाठीच लिहिलेली नाहीत.

‘इन्सुलिन दिलं’ हे वाक्य जरा जवळून पाहू. चार्टवर खूण झाली, सही झाली, काम संपलं असं वाटतं. पण आजींना दिलेलं इन्सुलिन 30/70 या मिश्रणाचं आहे. त्यातला तीस टक्के भाग लवकर काम करतो, अर्ध्या तासात सुरू होतो आणि जेवणानंतर चढणारी साखर आवरतो. सत्तर टक्के भाग सावकाश काम करणारा. तो साधारण चार तासांनी जोर धरतो आणि त्याचा जोर पहाटेपर्यंत टिकू शकतो. म्हणजे दुपारपाळीच्या सिस्टरने सात दहाला दिलेलं औषध खरं काम करणार ते रात्री अकरापासून पुढे, ती घरी जाऊन झोपलेली असताना. डॉक्टरांनी 14 युनिट लिहिले ते आजी नेहमीसारखं जेवतील असं धरून. आजींनी खाल्लं काय, तर अर्धी भाकरी आणि दोन घोट आमटी. ट्रॅमाडॉलने मळमळतं, त्यामुळे जेवण गेलं नाही. इन्सुलिन पूर्ण आणि जेवण अर्धं, हे गणित रात्री दोन वाजता उलगडतं. त्या वेळी शुगर घसरली तर आजी घामाघूम होतील, गोंधळतील किंवा नुसत्याच गुंगीत पडून राहतील, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटेल की छान झोप लागली आहे.

म्हणून ‘इन्सुलिन दिलं’ या वाक्याला शेपूट हवं: जेवण अर्धंच झालं, शुगर अमुक वाजता परत पाहायची.

‘लघवीकडे लक्ष ठेवणे’ हे दुसरं वाक्य. दिसायला ते पुढच्या कामाबद्दल आहे, पण त्यात काम नाही. लक्ष कधीपासून ठेवायचं, किती वेळ ठेवायचं, काय दिसलं म्हणजे डॉक्टरांना उठवायचं? कॅथेटर काढल्यावर साधारण सहा तासांत माणसाला आपली आपण लघवी व्हायला हवी. आजींची नळी अडीचला काढली, म्हणजे साडेआठला सहा तास होतात. पाळी बदलते आठ वाजता. दुपारच्या सिस्टरला वाटतं अजून वेळ आहे. रात्रीच्या सिस्टरला नळी कधी काढली हेच माहीत नाही. मुदत नेमकी दोघींच्या मधल्या फटीत पडते. पाळीच्या टोकाला येणाऱ्या मुदती अशाच हरवतात. पाळीच्या सुरुवातीलाच सुरू केलेलं रक्त त्या मानाने सुरक्षित असतं, कारण त्याची सुरुवात आणि शेवट एकाच सिस्टरच्या डोळ्यांसमोर असतात.

आजींना लघवी अडकण्याची कारणंही हाताशी आहेत. पाठीत दिलेली भूल, खुब्याचं ऑपरेशन, अंथरुणावर पडून लघवी करण्याचा संकोच, आणि वर ट्रॅमाडॉल, जे मूत्राशयाला सुस्त करतं. मूत्राशय 300 मिलिलिटरच्या आसपास भरला की माणसाला जायची भावना होते. 500-600च्या पुढे ताणला गेला की तो आकुंचनाची ताकद घालवून बसतो आणि परत नीट चालायला दिवस लागू शकतात.

आता हे दोन धागे एकत्र धरून पाहा. रात्री दोन वाजता आजींचं पोट लघवीने तटतटलं आहे. शुगर उतरल्यामुळे डोकं ताळ्यावर नाही. आपण रुग्णालयात आहोत याचंच भान नाही. त्या काय करतील? उठून मोरीकडे जायला निघतील, आणि नवा खुबा घेऊन पडतील. सकाळी नोंद होईल, ‘पेशंट बेडवरून पडला.’ चौकशीत कठडा वर होता का हे विचारलं जाईल. पण ते पडणं सुरू झालं होतं साडेसातच्या अर्ध्या भाकरीपासून आणि अडीचच्या कॅथेटरपासून. ‘पडण्याचा धोका: जास्त’ असा शिक्का बहुतेक रुग्णालयांत फाईलवर मारलेला असतो. धोका कशामुळे आणि आज रात्री किती वाजता, हे लिहिल्याशिवाय त्या शिक्क्याचा उपयोग होत नाही.

तर नोंद लिहायची कशी? यासाठी जगभर एक साचा वापरतात. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव ‘एसबार’. त्याची मुळं अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधल्या बोलण्याच्या शिस्तीत आहेत. पुढे कोलोरॅडोमध्ये कायझर परमनेंटे या आरोग्यसंस्थेच्या लोकांनी तो वैद्यकीय कामासाठी बसवला. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेच्या उपायांत ओव्हरसाठी त्याची शिफारस केली. साच्यात चार खण आहेत: आत्ता काय चाललंय, मागचं काय, माझ्या मते स्थिती काय आहे, आणि आता काय करायला हवं. सुरुवातीला पेशंटची ओळख जोडली की पाच. विद्यार्थिनींना हे खण पाठ असतात. अडचण वेगळीच होते. पहिल्या दोन खणांत त्या पानभर लिहितात आणि शेवटच्या दोनवर येईपर्यंत आठ वाजतात. माझा सल्ला आहे की नोंद लिहायला शेवटच्या खणापासून घ्यावी. आधी राहिलेलं लिहावं, मग त्याला समजायला जेवढं लागेल तेवढंच मागचं जोडावं.

राहिलेल्या प्रत्येक कामाला तीन गोष्टी हव्यात: वेळ, मर्यादा, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं. आजींची नोंद आता अशी होईल. रिपोर्ट बुकात आपण ती इंग्रजी-मराठी मिसळून लिहितो. इथे सोयीसाठी मराठीत देते.

‘बेड 14, आजी, वय 68. डाव्या खुब्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस. मधुमेह. औषधाची ॲलर्जी नाही. नाडी, बीपी, ताप ठीक, 7.30ला पाहिलं.

लघवी: कॅथेटर 2.30ला काढला. 7.45पर्यंत लघवी नाही. दुपारपासून 700 मिली पाणी-चहा पोटात गेला आहे. 8.30ला भांडं देऊन मोजणे, ओटीपोट चाचपणे. झाली नाही किंवा 150 मिलीपेक्षा कमी झाली तर लगेच आरएमओंना कळवणे.

शुगर: 7 वाजता 168. 7.10ला 30/70 इन्सुलिन 14 युनिट दिलं. त्यानंतर जेवण अर्धंच, मळमळ. 7.40ला आरएमओंना सांगितलं. त्यांच्या सूचनेने 9 वाजता दूध-बिस्किट, 10 आणि 2 वाजता शुगर. 70च्या खाली आली आणि शुद्धीत असतील तर तोंडाने 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी परत शुगर, आरएमओंना फोन. गुंगीत असतील तर तोंडाने काही न देता तातडीने आरएमओ.

हिमोग्लोबिन: 5 वाजता पाठवलं, रिपोर्ट नाही. लॅबशी 7.30ला बोलले, 9.30पर्यंत देतो म्हणाले. 8च्या खाली असेल तर आज रात्रीच आरएमओंना सांगणे. वर असेल तर सकाळच्या राऊंडला दाखवणे.

धोका: रात्री लघवीसाठी एकट्या उठतील. 6 वाजता ट्रॅमाडॉल दिलं आहे, गुंगी आहे. कठडे वर, बेड खाली केला, घंटी उजव्या हाताशी. सून रात्री थांबणार आहे.’

एवढंच. नाडी-बीपीचे आकडे चार्टवर आहेत, ते परत उतरवलेले नाहीत. ‘युनिट’ हा शब्द मात्र पूर्ण लिहिला आहे आणि तो पूर्णच लिहावा. इंग्रजीत त्याचं नुसतं पहिलं अक्षर आकड्याला चिकटवलं की घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि 14चे 140 होतात. इन्सुलिनच्या बाबतीत ही चूक जीव घेऊ शकते.

ही नोंद पावणेआठला बसून कुणालाही जमणार नाही. अर्धी भाकरी तोवर विसरलेली असते. ती लिहिली जाते पाळी चालू असतानाच. ॲप्रनच्या खिशात चौघडी कागद ठेवावा. कॅथेटर काढला की त्याच क्षणी ‘14, लघवी, 8.30’ एवढं टिपावं. काम झालं की खोडावं. शेवटी कागदावर जे न खोडलेलं उरतं, तेच ओव्हरचं हाड. आधीच्या पाळीची नोंद समोर ठेवून उतरवण्याची सवय तर साफ सोडावी. कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी ‘कॅथेटर आहे’ असं नोंदीत फिरत राहिलेलं मी पाहिलं आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात मी स्वतः तसं लिहिलं होतं, पेशंटकडे न बघता, आधीचं पान पाहून. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी चादर बाजूला केली तेव्हा मला ते कळलं.

लिहिलेला ओव्हर बेडशी उभं राहूनच द्यावा. का, ते आजींच्या बेडशी दिसतं. दोघी तिथे पोचतात. देणारी सांगते, लघवी अजून नाही. तेवढ्यात सून म्हणते, “सिस्टर, मघाशी झाली की. मीच भांडं दिलं.”

इथे घाईतली सिस्टर ‘झाली’ असं लिहून काम खोडून टाकेल. पण घेणारी विचारते, “किती झाली, ताई?”

“थोडीशीच. चमचाभर असेल. मग परत थोडी.”

घेणारी वाकून आजींच्या ओटीपोटावर हात ठेवते. “आजी, इथे दाबलं की कसं वाटतं?”

“जायला लागल्यासारखं वाटतं गं. पण मोकळी होत नाही.”

हात बेंबीच्या खाली फुगलेल्या, टणक गोळ्यावर पडतो. मूत्राशय काठोकाठ भरला की वरून थेंबथेंब सांडतो. लघवी ‘झाल्या’चा हा सर्वांत फसवा प्रकार, आणि म्हणूनच नोंदीत ‘झाली’ या शब्दाशेजारी मिलिलिटर हवेत. देणारी तिथेच नोंद सुधारते: ‘7.45 नंतर थेंबथेंब, ओटीपोट फुगलेलं.’ आता साडेआठची वाट पाहायचं कारण उरत नाही. आठ पाचला आरएमओंना फोन जातो. त्यांच्या सांगण्यावरून एकदाच नळी घालून मूत्राशय रिकामा करतात. 620 मिलिलिटर निघते.

शेवटी घेणारीने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मान डोलावणं पुरत नाही. “म्हणजे नऊला दूध, साडेनऊला हिमोग्लोबिन, आठच्या खाली असलं तर रात्रीच फोन. दहा आणि दोनला शुगर. लघवीचं आता सहा तासांनी परत पाहायचं, म्हणजे साधारण दोनलाच. आणि सुनेने एकटीने उठवायचं नाही, हे सांगितलंय का?” तो शेवटचा प्रश्न नोंदीत नव्हता. सून थांबणार आहे हे लिहिलं होतं, तिला काय सांगितलं ते लिहायचं राहिलं होतं. परत सांगताना अशी भोकं दिसतात.

एवढं करायला वेळ कुठे आहे, हे सगळ्याच सिस्टर विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. 2014 साली अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोग विभागांतल्या निवासी डॉक्टरांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ रुग्णालयं, पेशंट दाखल झाल्याच्या 10,740 नोंदी. अशाच साच्यातला ओव्हर, शेवटी परत सांगण्यासकट, सुरू केल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी कमी झाली. ओव्हरचा वेळ मात्र फारसा वाढला नाही. आधीही आणि नंतरही एका पेशंटमागे अडीच मिनिटांच्या आसपासच राहिला. पण आपल्याकडच्या जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे तीस पेशंट असतात. तिसांना अडीच मिनिटं म्हणजे सव्वा तास. ते होणार नाही, आणि होईल असं भासवूही नये.

म्हणून निवड करावी लागते. तीसपैकी बावीस-तेवीस पेशंटचं राहिलेलं काम काहीच नसतं; त्यांना एक ओळ पुरते. उरलेले सात-आठ असे असतात, ज्यांचं काहीतरी रात्रीत उलगडणार आहे: आज ऑपरेशन झालेले, रक्त चालू असलेले, नळी आज काढलेले, इन्सुलिन घेऊन न जेवलेले, रिपोर्ट यायचा राहिलेले. त्यांच्यापासून ओव्हर सुरू करावा, बेड नंबर 1 पासून नव्हे. बेड 1 पासून निघालं तर चौदापर्यंत पोचेपर्यंत दोघी थकलेल्या असतात आणि पंचविसाव्या बेडला नुसतं नाव वाचलं जातं. रुग्णालयाने ओव्हर चालू असताना सिस्टरला दुसरं काम सांगू नये, फोन मावशींनी किंवा दुसऱ्या सिस्टरने घ्यावा. एवढी सोय प्रत्येक इनचार्ज सिस्टरला आजपासून करता येते.

रात्री दोन वाजता आजींची शुगर 64 आली. त्या जाग्या होत्या, थोड्या घामेजलेल्या. ग्लुकोज दिलं, आरएमओंना फोन केला, पंधरा मिनिटांनी शुगर 98 झाली. लघवी 280 मिलिलिटर झाली, भांड्यात, मोजून. रात्रीच्या सिस्टरने खिशातल्या कागदावर दोन ओळी खोडल्या आणि एक नवी लिहिली: ‘14, सकाळचं इन्सुलिन देण्याआधी आरएमओंना विचारणे.’

ही ओळ सकाळी आठच्या ओव्हरमध्ये पहिली जाईल. तुम्ही कुणाच्या उशाशी रुग्णालयात बसला असाल आणि पाळी बदलताना दोन सिस्टर बेडशी आल्या, तर बाजूला होऊ नका. पेशंटने किती खाल्लं, लघवी कधी आणि किती झाली, आणि मघापासून काय वेगळं वाटतंय, या तीन गोष्टी त्यांना सांगा. त्या विचारायच्या राहिल्या तरीही सांगा.